श्रावणातलं मेरिंग

"मेरिंग त्या शेवटच्या टेबलाला द्या," बेकरी शिकवणाऱ्या मॅडम कॉलेजच्या मावशींना म्हणाल्या. "एक बोलत नाही, दुसरी थांबत नाही. दोघी मिळून काहीतरी करतील."

मी कपाटाच्या दाराआड मापाचे कप पुसत उभी होते. मॅडमना ते माहीत नव्हतं. मावशींना माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ओठ दाबले आणि यादीतल्या मेरिंगसमोर आमच्या टेबलाचा नंबर टाकला. मी कप पुसतच राहिले. तोच कप, तीनदा.

शेवटचं टेबल म्हणजे मी आणि माझी जोडीदारीण. ती रोज पिंगळीहून पॅसेंजरने परभणीला यायची. तिचे वडील तिकडे शाळामास्तर होते. गाडीत बसल्यापासून ती बोलायला सुरुवात करायची आणि संध्याकाळी परतीच्या गाडीत बसेपर्यंत ते एकच वाक्य चालू आहे असं वाटायचं. माझ्या वडिलांच्या बदलीमुळे मी परभणीत आले होते. त्याआधीची सगळी शाळा इंग्रजी माध्यमात झाली होती, आणि वर्गात तोंड उघडलं की माझं मराठी पुस्तकी वाटेल आणि इंग्रजी आगाऊ वाटेल, या दोन भीतींच्या मधल्या जागेत मी गप्प बसायला शिकले होते. ती जागा तशी आरामाची होती. फक्त तोंडी परीक्षेत तिथे बसता येत नाही.

मागच्या सत्रात तोंडी परीक्षेला बाहेरच्या परीक्षकांनी मला पाच प्रश्न विचारले होते. पाचही उत्तरं मला येत होती. मी पाचही वेळा त्यांच्या चष्म्याकडे बघत राहिले. दहापैकी शून्य. या वेळी पुन्हा शून्य मिळालं तर बेकरीचा विषय राहणार, विषय राहिला की वर्ष राहणार. वर सगळ्या मुली पुढे जाणार आणि मी खालच्या वर्गातल्या अनोळखी मुलींबरोबर पुन्हा पहिल्यापासून गप्प बसायला सुरुवात करणार. अनोळखी माणसांत गप्प बसणं ओळखीच्या माणसांत गप्प बसण्यापेक्षा किती अवघड असतं, हे फक्त गप्प माणसालाच कळतं.

आणि जोडीचे गुण एकत्र धरायचे होते.

"आपल्याला मेरिंग आलंय," मी जोडीदारणीला सांगितलं. तिच्याशी मी बोलायचे, तेवढं तोंड उघडायचं.

"ते काय असतंय?"

"अंड्याचा पांढरा बलक आणि साखर. फेटून भाजायचं."

"एवढंच? मैदा न्हाई, तूप न्हाई?" तिने टाळीच दिली. "अगं मग लय सोपं हाय की!"

खरं म्हणजे परीक्षा उन्हाळ्यातच व्हायची होती. परभणीच्या एप्रिलमध्ये मेरिंग केलं असतं तर ते ओव्हनबाहेरही वाळलं असतं. त्या उन्हात ओठ वाळतात, ओला टॉवेल पंधरा मिनिटांत कडक होतो. पण त्या वर्षी विद्यापीठाच्या नामांतरावरून गावात बंद, मोर्चे, पुन्हा बंद असं चाललं, तारखा पुढे पुढे गेल्या आणि परीक्षा येऊन थांबली ती थेट श्रावणात. जोडीदारीण म्हणायची, "आमचे आप्पा मोर्चात पुढं होते. म्हणजे तुझं मेरिंग भिजवलं ते आमच्याच घरानं."

परीक्षेचा नियम असा: पदार्थ आदल्या दिवशी करायचा आणि दुसऱ्या दिवशी अकराला मांडायचा. रात्रभर टिकला तर टिकाऊपणाचे गुण. आणि मावशींनी आणखी एक बातमी आणली होती. बाहेरून येणाऱ्या मॅडम श्रावण पाळतात. अंडं तोंडात घालणार नाहीत.

"मग गुण कसे देणार?" मी विचारलं.

"हात लावून," मावशी म्हणाल्या. "मागं एका बाईंनी श्रावणात केक असाच तपासला व्हता. बोटानं दाबायचा, वास घ्यायचा, फोडून बघायचा. तुमचं ते जे काय हाय, बोटाला चिकटलं की गेलं."

म्हणजे चव कितीही चांगली असली तरी उपयोग नव्हता. आमचं सगळं भवितव्य एका परक्या बाईच्या बोटाच्या टोकावर होतं.

परीक्षेआधी आठ-दहा दिवस आम्हाला दुपारी प्रयोगशाळा मिळायची. पहिल्या दिवशी जोडीदारणीने सहा अंडी फोडली, बलक वेगळे केले, फेटले आणि ते छान पांढरे फुगल्यावर वाटीभर साखर एकदम ओतली. साखर जाड होती, दुकानातून आणलेली तशीच. केकला ठेवतो तेवढ्याच आचेवर ओव्हन ठेवला. अर्ध्या तासाने दार उघडलं तर प्रत्येक मेरिंगच्या अंगावर तपकिरी थेंब उभे होते, मधाच्या थेंबासारखे, आणि खाली चिकट तळं साचलं होतं.

जोडीदारीण खाली वाकून बघत राहिली. मग अगदी हलक्या आवाजात म्हणाली, "ये, हे रडायलेत गं."

झालं. मला हसू फुटलं. माझं हसणं फार वाईट आहे, आवाज येत नाही, फक्त डोळ्यांतून पाणी येतं. तिने ते बघितलं आणि म्हणाली, "आन् ही बी रडायली!" मग आम्ही दोघी ओव्हनला टेकून जमिनीवरच बसलो. बाजूच्या टेबलावरच्या नानकटाईवाल्या मुली आमच्याकडे बघत होत्या. त्यांची नानकटाई सरळ वागत होती.

मॅडम येऊन बघून गेल्या. "साखर विरघळली नाही तर भाजताना तिचाच पाक होऊन बाहेर येतो. आणि आच जास्त झाली की आतलं आकसतं आणि पाणी बाहेर ढकलतं. तुम्ही दोन्ही केलंय," त्या म्हणाल्या. मग त्यांना स्वतःलाच गंमत वाटली असावी, कारण जाताना त्यांचे खांदे हलत होते.

दुसऱ्या दिवशी साखर मिक्सरमध्ये दळली. बलकात दोन थेंब लिंबाचा रस. साखर एक एक चमचा, मध्ये थांबून. दर वेळी मी चिमूटभर मिश्रण बोटात चोळून बघायचे. कचकच लागली की अजून फेटायचं. जोडीदारणीचे हात दुखले की ती बोलणं वाढवायची, फेटणं नाही. पण शेवटी ते मिश्रण असं चकचकीत झालं की भांडं उलटं धरलं तरी पडेना. तिने ते माझ्या डोक्यावर उलटं धरून दाखवलं. दोनदा.

ओव्हनवरचे आकडे पुसले गेले होते, म्हणून बटण सगळ्यात खालच्या खुणेवर ठेवलं आणि दीड तास दार उघडलं नाही. मेरिंग बाहेर आलं ते पांढरंशुभ्र, हलकं, बुडाला टिचकी मारली की पोकळ आवाज. आम्ही ट्रे टेबलावर थंड व्हायला ठेवला आणि डबा खायला गेलो. बाहेर बारीक पाऊस लागला होता. तासाभराने परत आलो, तर जोडीदारणीने एक उचललं आणि ते तिच्या बोटांबरोबर उठलं आणि बोटांबरोबरच राहिलं. तिने हात झटकला. ते राहिलं. दुसऱ्या हाताने काढलं. आता ते दुसऱ्या हाताला होतं.

"सोड ना गं मला!" ती मेरिंगला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तर त्या सगळ्यांची ओल्या साबणासारखी अवस्था झाली होती.

"वाळवण घालायचं," तिने जाहीर केलं. "आमच्या घरी कुरडया न्हाई का घालत? पातळ कपडा टाकायचा वरून, माशा नकोत म्हणून."

पावसाच्या दोन सरींमध्ये ऊन पडलं होतं. आम्ही गच्चीवर ट्रे नेला. मलमलचा कपडा घातला, चार कोपऱ्यांवर चार विटा ठेवल्या. दोघी कठड्याला टेकून बसलो. ऊन होतं, पण अंगाला घामाने चिकटणारं ऊन, भिजलेल्या गच्चीतून वाफ वर येत होती. कुरडईला उन्हाळ्याचं ऊन मिळतं. तासाभराने तिने कपडा उचलला. कपड्याबरोबर सगळी मेरिंगं वर आली, ओळीने, तोरणासारखी.

आम्ही ते तोरण धरून जिन्यावरून खाली आलो. मावशी झाडत होत्या. त्यांनी वर पाहिलं आणि म्हणाल्या, "कुणाचं लगीन हाय?"

इथपर्यंत सगळं हसण्यासारखं होतं. पुढचं मात्र तसं नाही, निदान माझ्या बाजूने.

त्या संध्याकाळी मी ग्रंथालयात जाऊन एक जाड इंग्रजी पुस्तक काढलं. त्यात दोनच परिच्छेद होते, पण माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मेरिंग म्हणजे बहुतेक साखरच. आणि साखरेला पाण्याची ओढ असते. हवेत दमटपणा असला की ती हवेतलं पाणी खेचून घेते. मेरिंग आत पोकळ, सगळीकडे भोकंच भोकं, म्हणजे हवेला आत शिरायला हजार दारं. ओव्हनमधून कोरडं निघालेलं मेरिंग दमट हवेत ठेवलं की ते पुन्हा ओलं होणारच. म्हणजे आमची भाजणी चुकली नव्हती. ते नंतर उघड्यावर ठेवणं चुकलं होतं. उपाय एवढाच: मंद आचेवर पूर्ण वाळवायचं, बंद ओव्हनमध्येच थंड करायचं, आणि थंड होताच हवाबंद डब्यात. चिकटलेलं असलं तरी पुन्हा मंद आचेवर ठेवलं की बरेचदा परत कुरकुरीत होतं.

मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. आणि दुसऱ्या दिवशी जोडीदारणीला सांगायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिसरा घाणा काढला, उत्तम निघाला, आणि ट्रे ओव्हनमधून बाहेर येताच तिला कल्पना सुचली. शिक्षकांच्या खोलीत कूलर होता. बारा महिने चालायचा.

"एवढा वारा! दहा मिनटांत खणखणीत!" म्हणत ती ट्रे घेऊन धावलीच.

मी तिच्या मागे गेले. कूलरच्या तिन्ही बाजूंना गवताच्या ओल्या ताट्या असतात, त्यांवरून पाणी झिरपत असतं, आणि पंखा ती ओल ओढून पुढे फेकतो. कोरड्या उन्हाळ्यात त्याने जीव गार होतो. श्रावणात तो वारा म्हणजे नुसता ओला श्वास. मला हे दिसत होतं. मी हे कालच वाचलेलंही होतं. खोलीत तीन शिक्षिका बसल्या होत्या. एक म्हणाली, "काय गं, काय आणलंस?" आणि जोडीदारीण त्यांना सगळं समजावून सांगायला लागली. तिने स्टूल ओढलं, ट्रे कूलरच्या तोंडापुढे ठेवला. माझं तोंड उघडलं होतं. त्यातून काही आलं नाही. तीन शिक्षिका होत्या ना.

दहा मिनिटांत मेरिंगं बसली. म्हणजे खरोखरच खाली बसली, दमलेल्या माणसासारखी.

बाहेर आल्यावर जोडीदारणीने माझ्या हातातली वही पाहिली. उघडीच होती. तिने उभ्या उभ्या वाचलं. मग म्हणाली, "हे कधी लिहिलंस?"

"काल."

"काल! म्हणजे तुला ठावं व्हतं? मी ट्रे घेऊन पळायले, आन् तू मागं मागं यायलीस, आन् तुला ठावं व्हतं?"

"त्या बसल्या होत्या."

"त्या काय वाघ हायत का? अगं दहा अंडी गेली! माझी बोटं बघ!" तिने बोटं पुढे केली. फेटून फेटून सालटी निघाली होती. "परीक्षेला बी अशीच बसणार हायस का तू? मी एकटी बोलत राहू? ती बाई तुला विचारंल तवा मी तुझ्या तोंडात बसून बोलू का?"

मग ती रागाने निघून गेली. तिचा राग मी पहिल्यांदा बघत होते. दुपारभर ती दुसऱ्या टेबलावर बसून नानकटाईवाल्यांशी बोलली. ऐकू येत होतं. मी एकटीने ट्रे धुतला. ओलं मेरिंग ट्रेवरून काढणं म्हणजे केसातून च्युइंगगम काढण्यासारखं आहे, आणि ते काम मी अगदी मन लावून केलं, कारण तेवढंच मला येत होतं.

चारच्या सुमारास वासाने तिला परत आणलं. रोजच्या उरलेल्या पिवळ्या बलकांचं आम्ही ऑम्लेट करायचो आणि वसतिगृहातल्या ज्या मुली श्रावण पाळत नव्हत्या त्यांना वाटायचो. आठवडाभर त्या बिचाऱ्या भगव्या रंगाचं ऑम्लेट खात होत्या. मी तव्यावर बलक ओतले आणि ती येऊन शेजारी उभी राहिली.

"मिरची घाल," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "आज मला सोडायला स्टेशनवर चल. तुला बोलायला शिकवते."

स्टेशनवर तिने मला फलाटावर उभं केलं आणि स्वतः डब्याच्या खिडकीशी बसली. गाडी सुटायला वेळ होता. "चल. मी परीक्षक. मेरिंगला पाणी का सुटतं?"

मी आजूबाजूला पाहिलं.

"तिकडं न्हाई, माझ्याकडं बघ. जोरात. गाडीचा आवाज हाय."

"साखर हवेतलं..." मी सुरुवात केली.

"काय? ऐकू येत न्हाई!"

तिच्या शेजारी फेटेवाले एक आजोबा बसले होते. ते मध्येच म्हणाले, "काय सुटतंय पाणी?"

"साखरंला, आजोबा. पावसाळ्यात."

"मग त्येच्यात काय विचारायचं? गुळाला सुटतंच की! ढेप उघडी ठिवली की श्रावणात पाझरतीच. कणगीत घालून तोंड लिंपून ठिवावी." आणि माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "ह्या पोरीला बोलता येत न्हाई का?"

"येतंय," जोडीदारीण म्हणाली. "पर ठेवणीतलं हाय."

सगळा डबा हसला. मीही हसले, बिनआवाजी. गाडी हलली, आणि ती खिडकीतून अर्धी बाहेर येऊन ओरडत राहिली, "पाणी का सुटतंऽऽ?" मी धावत थोडं पुढे गेले आणि ओरडायचा प्रयत्न केला. आवाज तिच्यापर्यंत गेला की नाही माहीत नाही. फलाटावरच्या हमालाने मात्र वळून पाहिलं.

परीक्षेच्या आदल्या दिवशी सकाळी पाऊस कोसळत होता. आम्ही फेटलं, चोळून पाहिलं, चमच्याने गोळे घातले, ओव्हन मंद. मी दाराशी पाठ लावून उभी राहिले, कुणी उघडू नये म्हणून. चाळीस मिनिटं झाली आणि वीज गेली.

नानकटाईवाल्यांची नानकटाई भाजून झाली होती. केकवाल्यांचा केक अर्धा फुगून मध्येच खचला आणि एकीने रडायलाच सुरुवात केली. आमची मेरिंगं वरून कोरडी, आतून ओली. अर्ध्या तासात ओव्हन गार झाला.

"मॅडम, बाहेरच्या भट्टीत नेलं तर चालेल?" जोडीदारणीने विचारलं.

मॅडमनी विचार केला. "ओव्हन कुठलाही चालेल. हात तुमचेच पाहिजेत."

रस्त्याच्या वळणावर एक बेकरी होती. तिचे मालक म्हातारे चाचा, ते स्वतः सकाळी पाव काढायचे आणि दुपारी टोस. एका छत्रीखाली ट्रे आणि छत्रीबाहेर आम्ही, अशा पोचलो. चाचांनी ट्रेकडे पाहिलं.

"ये क्या है बेटा? अंडे का बताशा?"

"मेरिंग, चाचा. वीज गेली. उद्या परीक्षा हाय. हिला पास करायचंय," जोडीदारीण एका दमात म्हणाली.

"और ये काहे को चूप है?"

"ती तशीच हाय."

"अच्छा है," चाचा म्हणाले. "भट्टीजवळ चूप माणूसच पाहिजे. जास्ती बोलणारा टोस जळवतो." आणि माझ्याकडे बघून मान डोलावली, जणू मला नोकरीच दिली.

सकाळच्या पावाची भट्टी उतरत चालली होती. जाळ बाहेर काढलेला, आत फक्त विटांचा ऊबदार श्वास. चाचांनी लांब फळीवर कागदाचा एक तुकडा ठेवून आत सरकवला. थोड्या वेळाने काढला. कागद पिवळट झाला होता.

"अभी गुस्से में है. रुको."

आम्ही थांबलो. जोडीदारीण पावाच्या लाद्या मोजत बसली. दुसरा कागद आत गेला आणि जसाच्या तसा पांढरा बाहेर आला.

"हां. आता बताशे आत. आणि दरवाजा उघडायचा नाही. टोस का भी ऐसाच है. पाव दोनदा भाजतो, मग उतरत्या भट्टीत सोडून देतो. आग नाही वाळवत बेटा, सब्र वाळवतो."

लोखंडी दार बंद झालं. तीन तास आम्ही बेकरीतच होतो. जोडीदारणीने चाचांना पिंगळीतल्या सगळ्या घरांची माहिती दिली. मी दाराकडे बघत होते. मध्ये एकदा तिने दाराची कडी धरली, "जरा बघू का?" आणि मी तिचा हात धरला. बोलले नाही, पण धरला. चाचा हसले.

चारच्या सुमारास भट्टी हाताला सोसेल इतकी उतरली. मेरिंगं आतच गार झाली होती. चाचांनी एक उचललं, बुडाला टिचकी मारली आणि ते कानाशी धरलं. टक. मग माझ्या कानाशी. टक. मग जोडीदारणीच्या कानाशी, आणि तिने आनंदाने अशी किंकाळी मारली की गिऱ्हाईक पाव न घेताच दोन पावलं मागे गेलं.

"आता पळा मत," चाचा म्हणाले. "बाहेर हवा उभी आहे, चाटायला." त्यांनी बिस्किटांचा घट्ट झाकणाचा एक पत्र्याचा डबा काढला. तळाला कळीच्या चुन्याचे खडे फडक्यात बांधून ठेवले, वर कागदाची जाड घडी घातली, म्हणजे चुना पदार्थाला लागायला नको. "चुना पाणी पितो. पिता पिता भुकटी होतो. जोपर्यंत खडा आहे, तोपर्यंत तुझा बताशा सुका आहे." मग त्यांनी बोट उगारलं. "याला हात नाही लावायचा. ओला झाला की भाजतो."

मेरिंगं डब्यात, झाकण बंद, झाकणाच्या कडेने चिकटपट्टी. तो डबा त्या रात्री माझ्या उशाशी होता. आई म्हणाली, बाळासारखा काय घेऊन झोपलीस. मी तीनदा टिचकी मारून पाहिली, डब्याला.

सकाळी पाऊस थांबला होता, पण हवा अशी की वहीची पानं मऊ पडली होती. प्रयोगशाळेत ओळीने टेबलं मांडली. नानकटाई रात्रीत नरम पडली होती, खारीचे पापुद्रे लवचिक झाले होते. आमच्या टेबलावर फक्त एक बंद डबा.

बाहेरच्या मॅडम आल्या. उंच, कडक इस्त्रीची साडी, हातात रुमाल. प्रत्येक टेबलावर बोटाने दाबायच्या, रुमालाला पुसायच्या, लिहायच्या. आमच्या टेबलाशी आल्या, चिकटपट्टी सोडवली, झाकण काढून पलीकडच्या कडेला ठेवलं. एक मेरिंग उचललं. बोटाला काहीच लागलं नाही. त्यांनी पुन्हा दाबलं. मग बुडाला टिचकी मारली. टक. त्यांच्या भुवया वर गेल्या. त्यांनी ते परत डब्यात ठेवलं आणि जोडीदारणीला विचारलं, "हे कसं केलंत?"

आणि जोडीदारीण सुरू झाली.

तिने पहिल्या जाड साखरेपासून सुरुवात केली. थेंबांवर आली, गच्चीवरच्या तोरणावर आली, कूलरवर आली. बाहेरच्या मॅडम हसायला लागल्या आणि त्यांनी खुर्ची ओढून घेतली. आमच्या मॅडम हसल्या. मावशी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. उत्तर उत्कृष्ट होतं, पण ते संपत नव्हतं.

आणि डबा उघडाच होता.

मी वरच्या मेरिंगकडे बघत होते. खिडक्या उघड्या होत्या, बाहेर अंगण भिजलेलं. ती हवा आत येत होती, टेबलावरून फिरत होती, डब्यात उतरत होती. पाच मिनिटं. सात. वरच्या मेरिंगची पावडरीसारखी पांढरी कांती जरा काचेसारखी दिसायला लागली होती, की मला तसं वाटत होतं? बाहेरच्या मॅडमनी अजून कागदावर आकडा लिहिला नव्हता. बोलता बोलता त्यांचा हात डब्याकडे जायचा आणि परत यायचा. पुढच्या वेळी तो मेरिंगला लागला आणि चिकटला तर सगळं गेलं, चाचांचा सब्र, तिची सालटी निघालेली बोटं, सगळं.

मी झाकणाकडे पाहिलं. ते त्यांच्या कोपराजवळ होतं. हात पुढे केला असता तर परीक्षकांच्या अंगावरून न्यावा लागला असता. मी जोडीदारणीच्या पायावर पाय दिला. ती म्हणाली, "आई गं!" आणि पुढे बोलतच राहिली, आता भट्टीवर.

तेवढ्यात बाहेरच्या मॅडमनी हात वर करून तिला थांबवलं आणि चष्मा माझ्याकडे वळवला.

"आणि तुम्ही? या हवेत मेरिंगला पाणी का सुटतं, ते तुम्ही सांगा."

आमच्या मॅडम खाली बघायला लागल्या. जोडीदारणीने श्वास रोखून धरला, आणि तिला श्वास रोखलेली मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. मला उत्तर येत होतं, दोन भाषांत येत होतं, पण डोळ्यांपुढे फक्त तो उघडा डबा होता. उत्तर सांगायला एक मिनिट लागेल, आणि ते एक मिनिटही हवा आत येत राहील. बाहेरच्या मॅडमचा हात पुन्हा डब्याकडे निघाला.

मला त्या दिवशी किती गुण मिळाले ते मी आजही सांगू शकते. पास झाले, एवढं पुरे. ते गुण मी नंतर बोलले म्हणून मिळाले, आणि बोलले ते बरंच बोलले. साखर, दमट हवा, भोकं, मंद आच, चुना, स्टेशनवरच्या आजोबांची गुळाची ढेपसुद्धा. पण माझ्या तोंडून पहिल्यांदा जे निघालं ते उत्तर नव्हतं. ते इतकं मोठ्याने निघालं की दारातल्या मावशी दचकल्या आणि बाहेरच्या मॅडमचा हात हवेतच थांबला.

"मॅडम, आधी ते झाकण लावा," मी म्हणाले, "मग मी सगळं सांगते!"